ऑडिओबुकची मेंबरशिप बंद करण्याआधी: साठलेल्या क्रेडिटचं काय करायचं आणि कोणतं पुस्तक खरंच तुमचं राहतं

काही वर्षांपूर्वी मी एका ऑडिओबुक सेवेची मेंबरशिप बंद केली, तेव्हा खात्यात चार क्रेडिट शिल्लक होती. चार महिन्यांचे पैसे भरलेले होते, त्यामुळे ती क्रेडिट माझीच आहेत आणि सवडीने वापरता येतील, असं मी धरून चाललो होतो. बंद करायच्या शेवटच्या पानावर फिकट अक्षरांत एक ओळ होती. ती मी वाचली दुसऱ्या दिवशी, म्हणजे क्रेडिटचा आकडा शून्य दिसल्यावर. ग्राहक सेवेतल्या माणसाने शांतपणे सांगितलं की अटींमध्ये हे लिहिलेलं आहे आणि आता ती परत देता येणार नाहीत. त्याचं बरोबर होतं. अटींमध्ये ते खरंच होतं.

तेव्हापासून घरात किंवा ओळखीत कोणी मेंबरशिप बंद करायला निघालं, की मी आधी त्यांच्यासोबत बसतो. अर्ध्या तासाचं काम असतं, पण ते ठरावीक क्रमाने करावं लागतं. तो क्रम या लेखात दिला आहे. सोबत माझ्या धाकट्या बहिणीच्या खात्याचा सगळा हिशोबही मांडला आहे, कारण नुसते नियम वाचून हा विषय डोक्यात बसत नाही.

क्रेडिट म्हणजे नेमकं काय

क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत आणि पुस्तकही नव्हे. दुकानातलं कुठलंही एक पुस्तक निवडण्याचा तो मुदतीचा हक्क आहे. तुम्ही महिन्याची फी भरता आणि सेवा तुमच्या खात्यात एक क्रेडिट टाकते. जोवर ते पुस्तकात बदललेलं नाही, तोवर ते सेवेच्या अटींवर जगतं. त्याला जन्मतारीख असते आणि बहुतेक ठिकाणी मृत्यूची तारीखही असते. पैसे असते तर मागता आले असते, पुस्तक असतं तर ऐकता आलं असतं. क्रेडिट या दोन्हींच्या मध्ये लटकलेलं असतं, आणि नुकसान होतं ते तिथेच.

न वापरलेलं क्रेडिट पुढच्या महिन्यात जातं का, या प्रश्नाची उत्तरं सेवेगणिक वेगळी आहेत. ऑडिबलच्या नेहमीच्या क्रेडिटवाल्या मेंबरशिपमध्ये न वापरलेलं क्रेडिट पुढे सरकतं, पण मिळाल्यापासून साधारण वर्षभरात वापरलं नाही तर बाद होतं. मेंबरशिप बंद केली की उरलेली क्रेडिट जातात. लिब्रो.एफएम या सेवेत क्रेडिटला मुदत नसते. स्पॉटिफायच्या प्रीमियम योजनेत क्रेडिटच नाही, तिथे महिन्याला ऐकण्याचे ठरावीक तास मिळतात. 2023 च्या अखेरीस ही सोय सुरू झाली तेव्हा ते 15 तास होते. त्यातले उरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत, महिना संपला की ते संपतात. काही योजनांमध्ये आणखी एक मर्यादा असते, ती म्हणजे साठवणुकीची. ठरावीक संख्येपेक्षा जास्त क्रेडिट साठली की फी कापली जाते, पण नवं क्रेडिट जमा होत नाही. ही मर्यादा तुमच्या योजनेत आहे का, हे मदतीच्या पानांवर नक्की शोधा. महिनोन्महिने नकळत पैसे जाण्याचं ते एक मोठं कारण आहे.

या अटी देशागणिक आणि योजनेगणिक बदलतात, आणि कंपन्या त्या मधूनमधून बदलतातही. म्हणून मित्राने सांगितलेलं किंवा दोन वर्षांपूर्वी वाचलेलं धरून चालू नका. तुमच्या खात्यात तुमच्या योजनेचं नाव काय लिहिलं आहे ते बघा आणि त्याच नावाच्या अटी वाचा.

पहिलं काम: क्रेडिटची वही

खात्याच्या पानावर मेंबरशिपचा भाग असतो. तिथे शिल्लक क्रेडिट दिसतात आणि बहुतेक सेवांमध्ये प्रत्येक क्रेडिटची मुदतही दिसते. फोनवरच्या ॲपमध्ये हे बऱ्याचदा दडलेलं असतं, म्हणून ब्राउझरमधून खातं उघडा. कागद घ्या आणि प्रत्येक क्रेडिटसमोर ते कधी मिळालं, कधी संपणार, हे लिहा. मुदत दिसत नसेल तर फी कापल्याच्या ईमेलवरून तारखा काढता येतात.

माझ्या बहिणीने 12 जानेवारीला मेंबरशिप घेतली होती, महिन्याला एक क्रेडिट, मुदत बारा महिने. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती म्हणाली, "दादा, मला हे बंद करायचंय. ऐकायलाच वेळ होत नाही." आम्ही वही काढली. 12 जानेवारी ते पुढच्या वर्षीचा 12 फेब्रुवारी, म्हणजे चौदा क्रेडिट मिळालेली. वापरलेली पाच. क्रेडिट वापरताना सहसा सगळ्यात जुनं आधी जातं. म्हणजे पहिल्या वर्षाची जानेवारी ते मे ही पाच खर्ची पडली होती आणि जून ते फेब्रुवारी अशी नऊ उरली होती. त्यातलं सगळ्यात जुनं जूनचं. ते येत्या 12 जूनला बाद होणार होतं.

तिला नवल वाटलं ते नऊच्या आकड्याचं. तिच्या मते "तीन-चार असतील". ॲपमध्ये आकडा दिसत होता, पण ती ॲप उघडायची ती थेट चालू पुस्तकावर.

दुसरं काम: खरंच किती ऐकता?

पुढचं सगळं यावर ठरतं, म्हणून हा हिशोब अंदाजाने करू नका. ॲपमध्ये ऐकण्याच्या वेळेची आकडेवारी असते, ती बघा. बहीण कामावर जाता-येता मिळून रोज साधारण 25 मिनिटं ऐकते, महिन्याचे 24 दिवस. म्हणजे 600 मिनिटं, महिन्याला दहा तास. तिच्या आवडीची पुस्तकं सरासरी 13 तासांची असतात. वर्षाचे 120 तास भागिले 13, म्हणजे वर्षाला नऊ पुस्तकं. क्रेडिट मात्र बारा.

म्हणजे तिने एकही दिवस चुकवला नाही तरी वर्षाला तीन क्रेडिट साठणारच. त्यात तिच्या योजनेत एक मोफत यादीही होती, जिच्यातली पुस्तकं क्रेडिट न लावता ऐकता येतात. चौदा महिन्यांत तिने दहा पुस्तकं ऐकली होती, पाच क्रेडिटवर आणि पाच त्या यादीतून. क्रेडिटची तिची खरी गरज तीन महिन्यांतून एकाच्या आसपास होती. याच गतीने ती पुढे गेली असती, तर जून आणि जुलैची क्रेडिट मुदतीआधी वापरली गेली असती. ऑगस्टपासून मात्र दर तीन महिन्यांत दोन क्रेडिट वाया जायला लागली असती. वर्षभर काहीच वाया जात नाही, म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटतं. मग एकदम गळती सुरू होते. मुदत बारा महिन्यांची असल्यामुळे ती पहिल्या वर्षात दिसतच नाही.

हा हिशोब आणखी एक गोष्ट सांगतो. नऊ क्रेडिट म्हणजे नऊ पुस्तकं, प्रत्येकी 13 तास, एकूण 117 तास. तिच्या वेगाने ते बरोबर वर्षभराचं ऐकणं झालं. म्हणजे ती आत्ता ही नऊ क्रेडिट पुस्तकांत बदलून मेंबरशिप बंद करू शकत होती आणि पुढचं वर्षभर एकही फी न भरता ऐकत राहू शकत होती.

बंद करायची नसेल, फक्त वेग जुळवायचा असेल, तर काही सेवांमध्ये मेंबरशिप एक ते तीन महिने थांबवून ठेवायची सोय असते. ती घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी तपासा: थांबलेल्या काळात आधीची क्रेडिट वापरता येतात का, आणि त्यांच्या मुदतीचं घड्याळ तेव्हाही चालू राहतं का. घड्याळ सहसा थांबत नाही. फी थांबते, मुदत पळत राहते.

तिसरं काम: लायब्ररीतले तीन ढीग

पुस्तकं निवडायला बसण्याआधी हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण लायब्ररीच्या पानावर सगळी मुखपृष्ठं एकसारखीच दिसतात. खाली काय दडलंय ते मुखपृष्ठ सांगत नाही.

पहिला ढीग मोफत यादीतल्या पुस्तकांचा. ही तुम्ही फक्त लायब्ररीत ठेवलेली असतात. मेंबरशिप संपली की त्यांना कुलूप लागतं. मेंबरशिप चालू असतानाही ती यादीतून निघून जाऊ शकतात, कारण प्रकाशकाशी झालेला करार संपतो. ई-पुस्तकांच्या अमर्याद वाचनाच्या योजनाही, उदाहरणार्थ किंडल अनलिमिटेड, याच प्रकारात येतात. तिथे तुम्ही पुस्तक उसनं घेता. एका वेळी ठरावीक संख्येपर्यंतच ठेवता येतात आणि मेंबरशिप संपली की सगळी परत जातात. यात फसवणूक काही नाही. वाचनालयाची वर्गणी थांबवल्यावर पुस्तक परत द्यावं लागतंच.

दुसरा ढीग क्रेडिट लावून किंवा पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकांचा. ऑडिबलच्या क्रेडिटवाल्या योजनेत ही पुस्तकं मेंबरशिप बंद झाल्यावरही खात्यात राहतात आणि ऐकता येतात. पण 'क्रेडिट लावलं म्हणजे पुस्तक राहतं' हा नियम सगळीकडचा नाही. काही स्वस्त योजनांमध्ये महिन्याला एक पुस्तक निवडता येतं आणि ते फक्त सदस्य असेपर्यंत उघडतं. एव्हरँड या ई-पुस्तकं आणि ऑडिओबुकांच्या सेवेने 2024 मध्ये महिन्याला ठरावीक पुस्तकं 'अनलॉक' करण्याची पद्धत आणली. दिसायला हे क्रेडिटसारखंच, पण अनलॉक केलेलं पुस्तक सदस्यत्वाशी बांधलेलं असतं. म्हणून अटींमध्ये एकच वाक्य शोधा: मेंबरशिप रद्द केल्यावर निवडलेल्या पुस्तकांचं काय होतं. मदतीच्या पानावरच्या शोधाच्या चौकटीत `cancel` आणि `keep` हे शब्द टाकले की बहुधा ते सापडतं.

तिसरा ढीग कुलूप नसलेल्या फाइलींचा. तो बहुतेकांकडे रिकामाच असतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

कोणतं पुस्तक कोणत्या ढिगातलं, हे ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे खरेदीचा इतिहास. लायब्ररीवर विसंबू नका, खात्यातला ऑर्डरचा किंवा व्यवहारांचा भाग उघडा. तिथे ज्या पुस्तकासमोर एक क्रेडिट किंवा रक्कम लिहिली आहे ते दुसऱ्या ढिगातलं. जे तिथे नाहीच किंवा ज्याच्यासमोर शून्य आहे, ते बहुधा पहिल्यातलं. बहिणीच्या लायब्ररीत चौदा मुखपृष्ठं होती, इतिहासात मात्र क्रेडिटच्या नोंदी पाच. बाकीची नऊ मोफत यादीतली, त्यातली चार तिने ऐकलेलीही नव्हती. ऐकलेल्यांपैकी एक पुस्तक तिने त्या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा ऐकलं होतं आणि ते आपलंच आहे अशी तिची खात्री होती. ते पहिल्या ढिगात निघालं.

चौथं काम: क्रेडिट कशावर खर्च करायची

एरवीचा नियम साधा आहे. पुस्तकाची सदस्यांसाठीची किंमत महिन्याच्या फीपेक्षा कमी असेल, तर पैसे द्या आणि क्रेडिट राखून ठेवा. किंमत फीपेक्षा जास्त असेल तर क्रेडिट लावा. क्रेडिट एकच असतं, मग पुस्तक तीन तासांचं असो की चाळीस तासांचं.

बंद करताना मात्र हा नियम उलटा होतो. आता क्रेडिट राखून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण ते नाहीतरी जाणारच आहे. खिशातून वेगळे पैसे देण्यापेक्षा स्वस्तातल्या पुस्तकावरही क्रेडिटच लावा. फक्त क्रम महागापासून स्वस्ताकडे ठेवा, म्हणजे मध्येच विचार बदलला तर उरलेलं कमी मोलाचं असेल.

आम्ही असं केलं. पहिलं क्रेडिट लावलं त्या पावसाळ्यातल्या पुस्तकावर. मोफत यादीत आहे म्हणून एरवी कोणी त्यावर क्रेडिट लावणार नाही, पण मेंबरशिप संपल्यावर हवं असणारं तेच होतं. इथे एक अडचण येऊ शकते. मोफत यादीतल्या पुस्तकाच्या पानावर कधीकधी क्रेडिटचं बटण दिसतच नाही, फक्त लायब्ररीत टाकायचं बटण दिसतं. आधी लायब्ररीतून ते काढून पाहा. तरीही नाही दिसलं, तर ग्राहक सेवेला विचारा. आमचं काम पहिल्याच उपायाने झालं.

दुसरं आणि तिसरं क्रेडिट दोन प्रचंड लांबीच्या इतिहासाच्या पुस्तकांवर गेलं. असली पुस्तकं सुटी घ्यायला सगळ्यात महाग पडतात. चौथं ते सहावं एका कादंबरीच्या तीन भागांवर. भागांच्या बाबतीत सावध राहा. मोठी पुस्तकं काही वेळा दोन-तीन भागांत विकली जातात आणि प्रत्येक भागाला वेगळं क्रेडिट लागतं. एकच भाग घेऊन थांबलात तर पुढचे रोखीने घ्यावे लागतात. संक्षिप्त आवृत्ती की संपूर्ण, हेही पानावर लिहिलेलं असतं. एकच पुस्तक दोन्ही रूपांत असेल तर एकूण तास बघा, फरक लगेच कळतो.

उरलेल्या तिन्ही क्रेडिटसाठी आम्ही घाई केली नाही. प्रत्येक पुस्तकाचा नमुना पाच मिनिटं ऐकला. वाचणाऱ्याचा आवाज पटला नाही तर तेरा तास ऐकणं अशक्य होतं. घेतलेलं पुस्तक परत करून क्रेडिट परत मिळवायची सोय काही सेवांमध्ये असते, पण ती बहुधा सदस्यांसाठीच असते. मेंबरशिप बंद केल्यावर 'हे बदलून द्या' म्हणायला दार उरत नाही. म्हणून बंद करायच्या आदल्या रात्री बसू नका, आठवडाभर आधी बसा. घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा तास ऐका आणि मगच पुढचं पाऊल टाका.

बटण दाबताना त्याच्यावर काय लिहिलंय ते प्रत्येक वेळी वाचा. एकाच पानावर क्रेडिट लावायचं आणि कार्डवरून पैसे द्यायचं, अशी दोन बटणं शेजारीशेजारी असतात. घाईत हात चुकतो आणि क्रेडिट जागच्या जागी राहून कार्डवरून रक्कम जाते. प्रत्येक खरेदीनंतर शिल्लक आकडा एकाने कमी झाला का, हे बघूनच पुढे जा.

पाचवं काम: बंद करणं

पुढची फी 12 मार्चला कापली जाणार होती. आम्ही 8 मार्चला बंद केलं. काही सेवा मुदत संपेपर्यंत सदस्यत्व चालू ठेवतात, काही लगेच थांबवतात. लगेच थांबवणाऱ्या सेवेत न वापरलेली क्रेडिट त्याच क्षणी जातात. आपली सेवा कुठल्या प्रकारची, यावर डोकं शिणवण्यापेक्षा शिल्लक शून्यावर आणा आणि मगच बंद करायचं पान उघडा.

मेंबरशिप जिथून घेतली तिथूनच ती बंद करावी लागते. फोनच्या ॲप स्टोअरमधून पैसे जात असतील, तर सेवेच्या वेबसाइटवर बंद करायचं बटण सापडणार नाही. ते फोनच्या सेटिंगमध्ये, सबस्क्रिप्शनच्या यादीत असतं. ॲप फोनमधून काढून टाकल्याने काहीही बंद होत नाही, फी कापली जातच राहते. ही चूक फार जण करतात.

आणि इथे सगळ्यात मोठा धोका आहे, तो नीट लक्षात घ्या: मेंबरशिप रद्द करणं आणि खातं मिटवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंबरशिप रद्द केली तर खातं राहतं, आणि दुसऱ्या ढिगातली पुस्तकंही राहतात. खातं मिटवलं तर ती सगळी जातात, अगदी रोख पैसे देऊन घेतलेलीसुद्धा. 'आता वापरतच नाही तर साफ करून टाकू' म्हणून खातं मिटवू नका. खात्याचा देश बदलतानाही असंच सावध राहा. पुस्तकांचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे नव्या देशाच्या दुकानात काही पुस्तकं दिसत नाहीत आणि लायब्ररी दोन ठिकाणी विभागली जाऊ शकते. क्रेडिट तर एका देशाच्या दुकानातून दुसऱ्यात बहुधा जातच नाहीत. देश बदलायचा असेल तर आधी ती वापरून टाका.

बंद करताना दोन-तीन पानं लागोपाठ येतात: अर्ध्या किमतीत तीन महिने, एक क्रेडिट भेट, थांबवून ठेवा वगैरे. ती सवलत हवी असेल तर जरूर घ्या, पण ती संपल्यावर पूर्ण फी आपोआप सुरू होते. ती तारीख त्याच क्षणी कॅलेंडरमध्ये टाका.

मग मालक कोण?

आता बहिणीकडे चौदा पुस्तकं होती. 'माझी' म्हणावीत अशी. पण ती कोणत्या अर्थाने तिची?

दुकानातलं छापील पुस्तक विकत घेतलं की ती प्रत तुमची. ती तुम्ही विकू शकता, भाचीला देऊ शकता, मागे ठेवून जाऊ शकता. डिजिटल दुकानात बटणावर 'खरेदी करा' असं लिहिलेलं असलं, तरी अटींमध्ये शब्द परवान्याचा असतो. तुम्हाला ऐकायचा किंवा वाचायचा परवाना मिळतो. तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि ठरावीक परिस्थितीत काढूनही घेतला जाऊ शकतो. वापरलेली ई-पुस्तकं पुन्हा विकण्याचा प्रश्न युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. टॉम काबिनेट या डच संकेतस्थळाच्या त्या खटल्यात डिसेंबर 2019 मध्ये निकाल लागला, की छापील पुस्तकाला लागू असलेला फेरविक्रीचा हक्क ई-पुस्तकाला लागत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तर 1 जानेवारी 2025 पासून कायदाच आहे. डिजिटल वस्तूसाठी 'खरेदी' हा शब्द वापरायचा असेल, तर दुकानाने हा परवाना आहे असं ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवं.

हे नुसतं कागदावरचं नाही. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती लोकांच्या किंडलमधून दूरवरूनच पुसून टाकल्या. त्या विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असं कारण होतं. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण पुस्तक आपल्या हातातल्या यंत्रात असूनही दुसरा कोणी ते काढू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. आधी विकलेली पुस्तकं जुलैपासून उघडेनाशी झाली. लोकांना पैसे परत दिले गेले, आणि ज्यांनी समासात टिपणं काढली होती त्यांना वरून 25 डॉलर मिळाले. पुस्तक गेलं, टिपणं गेली, हाती रक्कम आली. आणि 26 फेब्रुवारी 2025 पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून तारेने यंत्रात टाकायची सोय ॲमेझॉनने काढून घेतली. पुस्तकं वाचता येतात, पण आपल्या हातात प्रत ठेवायचा एक मार्ग कमी झाला.

म्हणून दुसऱ्या ढिगाबद्दल मी असं म्हणतो: ही पुस्तकं तुमची आहेत, जोवर ते दुकान, तुमचं खातं आणि त्या पुस्तकाचे हक्क हे तिन्ही शाबूत आहेत तोवर. व्यवहारात ते बहुधा वर्षानुवर्षं शाबूत राहतात, पण तसं राहण्याची हमी तुम्हाला कोणी दिलेली नाही.

हातातली फाइल काय सांगते

तिसऱ्या ढिगाकडे जायचा मार्ग फाइलच्या नावाच्या शेपटीतून जातो. एखादं पुस्तक संगणकावर उतरवा आणि टिंबानंतर काय लिहिलंय ते बघा. `.mp3`, `.m4b` किंवा `.epub` असेल तर ते कुठल्याही साध्या ॲपमध्ये उघडून पाहा. खातं न जोडता, इंटरनेट बंद ठेवून उघडलं, तर फाइलला कुलूप नाही. तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, दुकान उद्या बंद पडलं तरी ती चालेल. लिब्रो.एफएमवरची ऑडिओबुकं अशी कुलूप नसलेली असतात. काही प्रकाशकही आपली ई-पुस्तकं अशीच विकतात आणि तसं पानावर लिहितात. मात्र `.epub` नाव असूनही आत कुलूप असू शकतं, म्हणून नुसत्या नावावर न जाता उघडूनच बघा.

`.aax` ही ऑडिबलची फाइल आहे, ती तुमच्या खात्याशी बांधलेली असते. `.acsm` दिसलं तर फाइलचा आकार बघा, ती जेमतेम काही किलोबाइटची असते. तीनशे पानांचं पुस्तक तेवढ्यात मावत नाही. ती फक्त पावती असते. ती ठरावीक ॲपमध्ये उघडल्यावर खरं पुस्तक सर्व्हरवरून उतरतं आणि तुमच्या खात्याशी बांधलं जातं. अनेक जण ही पावतीच पेन ड्राइव्हवर जपून ठेवतात आणि पुस्तक जपल्याच्या समाधानात राहतात. दुकान बंद झाल्यावर त्या पावतीतून काहीच निघत नाही.

कुलूप तोडायची साधनं इंटरनेटवर सापडतात, पण अनेक देशांत ते कायद्याने मना आहे, आणि मी तो सल्ला देत नाही. ज्या पुस्तकावाचून तुमचं अडेल ते कुलूप नसलेल्या रूपात किंवा छापील घ्या. बाकीच्यांसाठी परवाना पुरतो. एकदा ऐकून संपणाऱ्या रहस्यकथेची प्रत कायमची हाती असण्याची गरज नसते.

बहिणीच्या चौदा पुस्तकांपैकी दोन तिला कायम हवी होती. त्यातलं पावसाळ्यातलं पुस्तक कुलूप नसलेल्या दुकानात मिळालं, ते तिने पुन्हा विकत घेतलं. दुसरं छापील घेतलं. बाकीची बारा तिने फोनवर उतरवून ठेवली आणि विमान मोड चालू करून एकेक उघडून पाहिली. अकरा वाजली. बारावं अर्धवटच उतरलं होतं, ते काढून पुन्हा उतरवलं.

8 मार्चला आलेला रद्द झाल्याचा ईमेल तिने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. 13 तारखेला कार्डचा तपशील बघितला, फी कापली गेली नव्हती. मग लायब्ररी पुन्हा उघडली. मोफत यादीतल्या आठ पुस्तकांवर कुलूप आलं होतं, तिची चौदा मोकळी होती.